नवीन चॅनेल: मोठे व्हिडिओ की उभे शॉर्ट्स? (ब्लोअर दुरुस्ती, ओझर)

ब्लोअरवाला_ओझर | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं ओझरला द्राक्षबागेच्या फवारणी ब्लोअर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. एचटीपी पंप, गिअरबॉक्स, पंखा, नोझल सगळं करतो. गोडी छाटणीच्या आधी सप्टेंबरात दारात ट्रॅक्टरची रांग लागते आणि त्यातल्या निम्म्या लोकांची तक्रार एकच असते, "प्रेशर येत नाही". त्यातलं बरंचसं शेतकऱ्याला घरच्या घरी करता येण्यासारखं असतं. म्हणून यूट्यूबवर चॅनेल काढलं.

दोन व्हिडिओ टाकून पाहिले. एक ११ मिनिटांचा, "ब्लोअरचं प्रेशर कमी येतंय? पंप खोलायच्या आधी हे तपासा". दुसरा ४० सेकंदांचा उभा शॉर्ट, त्यात झिजलेली नोझलची डिस्क आणि नवी डिस्क शेजारी शेजारी धरून फवारा दाखवला. साधारण तीन आठवड्यांनी मोठ्याला ३८० व्ह्यूज, शॉर्टला १४ हजार. भाचा म्हणतो, "मामा, मोठे व्हिडिओ कोणी बघत नाही, रोज एक शॉर्ट टाक." मला मात्र ४० सेकंदांत काही धड सांगता येत नाही.

मुख्य काय धरायचं? दोन्ही करायला वेळ नाही, सीझन तोंडावर आलाय.

---

सिडकोचा_बंड्या | मंगळवार, रात्री ९:५८

भाऊ, शॉर्ट्सच्या नादी अजिबात लागू नका. माझ्या मित्राचं चॅनेल शॉर्ट्सनी मेलं. शॉर्ट टाकले की यूट्यूब तुमचे मोठे व्हिडिओ दाबतं. आणि मोठा व्हिडिओ ८ मिनिटांच्या वरच हवा, नाहीतर मधे जाहिराती बसत नाहीत, पैसे मिळत नाहीत. शॉर्ट्स करायचेच असतील तर वेगळं चॅनेल काढा.

---

ओझर_टाउनशिप_काका | मंगळवार, रात्री १०:१५

मोबाईल नेहमी आडवाच धरावा. माणसाचे डोळे आडवे असतात, त्यामुळे आडवे चित्र डोळ्यांना सुखावते. आमच्या सोसायटीच्या गणपतीचे चित्रीकरण एकाने उभे केले, टीव्हीवर लावले तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे. शिवाय हात हलू नये म्हणून कोपरे अंगाला टेकवावीत.

---

ब्लोअरवाला_ओझर | मंगळवार, रात्री १०:२२

काका, तुमचं बरोबर आहे, पण माझा प्रश्न धरायचा कसा हा नाही. यूट्यूबवर दोन वेगळे प्रकार आहेत, त्यातला कुठला करायचा हा आहे.

---

ओझर_टाउनशिप_काका | मंगळवार, रात्री १०:३१

तेच सांगतोय. आडवा.

---

मिसळवाला_मखमलाबाद | मंगळवार, रात्री ११:०५

आमचा अनुभव एकदम उलटा आहे. मिसळीचं छोटं दुकान आहे, मोठा व्हिडिओ एकही नाही. रोज सकाळी तर्रीचं पातेलं उघडतानाचा १५ सेकंदांचा उभा व्हिडिओ टाकतो, बस. रविवारी लोक मोबाईल दाखवत येतात, "हीच ना ती तर्री?" ११ मिनिटं मिसळ कोण बघणार? तुम्हीपण ब्लोअर चालू करून फवारा उडताना दाखवा, सकाळच्या उन्हात भारी दिसतो. शॉर्ट्सच करा.

---

कट_टू_कट | बुधवार, सकाळी ७:५०

मी एडिटिंग करते, गंगापूर रोडला बसते. गेली काही वर्षं बहुतेक शेती आणि अवजारांचीच चॅनेल्स सांभाळते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ब्लोअरवाले दादा, १४ हजार आणि ३८० हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, ते एका मापाचे नाहीत. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला की व्ह्यू धरला जातो. बघणाऱ्याने पुढच्या क्षणी अंगठ्याने वर सरकवला तरी तो मोजला जातो, परत फिरून वाजला तरी पुन्हा मोजला जातो. खरोखर थांबून पाहिलेले किती, ते यूट्यूब स्टुडिओत Engaged views या नावाने वेगळे दिसतात. कमाई आणि पात्रतेसाठीही तेच धरतात. तो आकडा आधी काढा.

मग अजून चार गोष्टी बघून इथे लिहा. एक, दोन्ही व्हिडिओंनी सबस्क्राइबर किती दिले. दोन, मोठा व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला गेला. तीन, मोठ्याला लोक कुठून आले, आणि सर्चमधून आले असतील तर काय टाइप करून आले. चार, कॉमेंटमध्ये लोक काय विचारतायत. चौथी गोष्ट कुठल्या आलेखात नसते, पण मी सगळ्यात आधी तीच वाचते.

---

ब्लोअरवाला_ओझर | बुधवार, दुपारी १:३०

जेवायच्या सुट्टीत भाच्याला बसवून काढलं ताई.

शॉर्ट: व्ह्यूज १४ हजार, Engaged views ५,२०० च्या आसपास. सबस्क्राइबर ३१. जवळजवळ सगळे Shorts feed मधून. कॉमेंट: "ट्रॅक्टर कोणता आहे", "भाई हिंदी में बताओ", दोन-चार बदामाची चित्रं.

मोठा: व्ह्यूज ३८०, सरासरी ३ मिनिटं ५० सेकंद. सबस्क्राइबर १९. निम्म्याहून जास्त YouTube search मधून. टाइप केलेले शब्द: `blower pressure kami`, `htp pump pressure problem`, `ब्लोअर प्रेशर येत नाही`. कॉमेंट २२, त्यातले बरेच "माझ्या पंपात ऑइल दुधासारखं पांढरं झालंय, काय करू" असले. दिंडोरी आणि वणीकडून तीन जण तर पंप घेऊन वर्कशॉपला आले.

---

कट_टू_कट | बुधवार, दुपारी ३:१०

मग तुमचं उत्तर तुमच्याच स्टुडिओत आहे. ३८० जणांनी ३ मिनिटं ५० सेकंद म्हणजे २४ तासांचा वॉच टाइम. पाच हजारांनी थांबून पाहिलेल्या शॉर्टचा त्या खात्यात शून्य, कारण शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ जाहिरातीच्या कमाईसाठी लागणाऱ्या ४,००० तासांत धरतच नाहीत. आणि मोठ्यात दर २० जणांमागे एक सबस्क्राइबर झाला. शॉर्टमध्ये थांबून पाहणारेच धरले तरी दीडशेहून जास्त जणांमागे एक.

पण मला त्याहून मोलाचे वाटतात ते सर्चचे शब्द. `blower pressure kami` टाइप करणारा माणूस बांधावर किंवा शेडमध्ये उभा आहे, पंप बंद आहे, उद्या फवारणी आहे. तो तुम्हाला शोधत आलाय. शॉर्ट पाहणारा कोणाला शोधत नव्हता, अंगठा फिरवताना तुम्ही त्याच्या वाटेत आलात. त्याच्याकडे ब्लोअर असेलच असं नाही, द्राक्षबागही नसेल. "भाई हिंदी में बताओ" हा त्याचाच पुरावा. फीड तुमचा शॉर्ट यंत्रं बघायला आवडणाऱ्या कुणालाही दाखवतं, आणि तसे लोक देशभर आहेत.

मिसळवाल्या दादांचं त्यांच्यापुरतं शंभर टक्के खरं आहे. तर्री दिसली की काम झालं, समजावायला काही उरत नाही, आणि त्यांना बघणारा फक्त मखमलाबादपर्यंत यायला हवा. ब्लोअरचं तसं नाही. प्रेशर कमी येण्याची कारणं क्रमाने तपासावी लागतात आणि तो क्रमच तुमचा माल आहे.

बंड्यादादा, ८ मिनिटांचं तुमचं अर्धं बरोबर. मधल्या जाहिरातीसाठी व्हिडिओ ८ मिनिटांचा लागतो हे खरं, पण त्या आधी चॅनेल यूट्यूबच्या कमाईवाल्या पार्टनर प्रोग्राममध्ये जायला हवं. पहिले सहा महिने तरी ८ मिनिटांचा काही उपयोग नाही. ५ मिनिटांचा विषय ओढूनताणून ८ चा केला की लोक तिसऱ्या मिनिटाला निघून जातात आणि आलेख घसरगुंडीसारखा दिसतो. शॉर्ट्समुळे यूट्यूब मोठे व्हिडिओ मुद्दाम दाबतं, असं मला कुठल्याच चॅनेलवर दिसलेलं नाही. होतं ते वेगळंच. शॉर्टमधून आलेला सबस्क्राइबर मोठा व्हिडिओ समोर आला तरी क्लिक करत नाही, मग माणसाला वाटतं चॅनेल मेलं. दोन्हीचा प्रेक्षक एकच असेल तर वेगळं चॅनेल कशाला? दोन चुली पेटवून दोन्हीवर अर्धं कच्चं.

---

सिडकोचा_बंड्या | बुधवार, दुपारी ४:०२

पण मित्राच्या चॅनेलचं खरंच झालं हो. ४० हजार सबस्क्राइबर, मोठा व्हिडिओ टाकला की ३०० व्ह्यूज.

---

कट_टू_कट | बुधवार, दुपारी ४:२०

तेच म्हणतेय. शॉर्ट्स कशाचे होते?

---

सिडकोचा_बंड्या | बुधवार, दुपारी ४:२५

कॉमेडी. मोठे व्हिडिओ गड-किल्ल्यांचे.

---

कट_टू_कट | बुधवार, दुपारी ४:२७

🙂

---

निफाडचा_बागायतदार | बुधवार, रात्री ८:४५

मी या धाग्यात घुसतो, कारण मी बघणाऱ्यांतला आहे. चार एकर बाग, थॉमसन आणि थोडी क्रिमसन. यूट्यूबवर रोज काहीतरी बघतोच.

खरं सांगू का, मला ११ मिनिटांचा व्हिडिओ नको असतो. डाऊनी रोगाचं वातावरण झालेलं, ढग आलेले, टाकीत ६०० लिटर औषध कालवून ठेवलेलं आणि प्रेशरचा काटा वर चढत नाही. तेव्हा कोणी "नमस्कार मित्रांनो, सर्वांचं स्वागत, बेल आयकॉन दाबा" म्हणाला की शिवी येते तोंडात. मला ४० सेकंदांत सांगा, पहिल्यांदा काय खोलू. म्हणजे भाच्याचंही चूक नाही.

दुसरं, रात्री जेवण झाल्यावर मी अर्धा अर्धा तास निवांत बघतो. तेव्हा मोठाच बरा वाटतो.

---

ब्लोअरवाला_ओझर | बुधवार, रात्री ९:१०

दादा, हे लाख मोलाचं सांगितलंत. पण ४० सेकंदांत "पहिल्यांदा काय खोलू" हे सांगणंच धोक्याचं आहे. सगळे पहिल्यांदा पंपच खोलतात आणि तिथेच घोटाळा होतो.

आमच्याकडचा क्रम असा. आधी सक्शनची जाळी काढून धुवायची. कालवलेल्या औषधाच्या गुठळ्या आणि टाकीतलं शेवाळ तिथे अडकतं, पंपाला पाणी पुरत नाही, मग प्रेशर कुठून येणार. जाळी साफ असेल तर सक्शनचा पाईप बघायचा. त्याला बारीक चीर असली किंवा क्लॅम्प सैल असला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. काटा थरथरत राहतो, एका जागी ठरत नाही. ही खूण एकदा डोळ्यांनी पाहिली की माणूस विसरत नाही.

तेही ठीक असेल तर नोझल. झिजलेल्या डिस्कचं भोक मोठं होतं, पाणी जास्त जातं, म्हणून प्रेशर पडतं. इथे पंपाचा काहीच दोष नसतो. प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरायचं आणि एक मिनिट पाणी घ्यायचं. नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी देणारी डिस्क बदलायची. मग प्रेशर रेग्युलेटरचं सीट. आणि एवढं सगळं झाल्यावर पंपाचे व्हॉल्व्ह आणि सील. ऑइल दुधासारखं झालं असेल तर मात्र थेट सीलकडे जायचं, कारण पाणी क्रँककेसमध्ये शिरलेलं असतं आणि तसाच चालवला तर बेअरिंग जाते.

आता हे ४० सेकंदांत कसं बसवू?

---

निफाडचा_बागायतदार | बुधवार, रात्री ९:२५

हे इथे वाचायला मला दोन मिनिटं लागली आणि माझं काम झालं. काटा थरथरतो हे माझ्याच ब्लोअरचं आहे बहुतेक. उद्या क्लॅम्प बघतो.

---

कट_टू_कट | गुरुवार, सकाळी ८:१५

निफाडच्या दादांच्या तक्रारीवर उपाय आहे आणि त्यासाठी व्हिडिओ छोटा करायची गरज नाही. वर्णनात वेळेचे टप्पे टाका. पहिला ०:०० ला सुरू व्हायला हवा, किमान तीन टप्पे हवेत आणि प्रत्येक किमान १० सेकंदांचा. मग खालच्या पट्टीवर खाचा दिसतात आणि घाईतला माणूस नेमक्या जागी बोट ठेवतो. तुमच्या ११ मिनिटांच्या व्हिडिओसाठी असं काहीतरी:

```
0:00 काटा असा हलतो का?
0:35 सक्शनची जाळी
2:10 पाईप आणि क्लॅम्प
4:00 नोझल मोजणे
7:20 रेग्युलेटर
9:05 पंप कधी खोलायचा
```

आकडे असे इंग्रजीतच टाका, माझ्याकडे देवनागरी आकड्यांनी खाचा पडल्या नव्हत्या.

आणि सुरुवात बदला. तुमचा व्हिडिओ मी रात्री पाहिला. पहिली ५० सेकंदं वर्कशॉपची पाटी, गणपतीचा फोटो आणि तुमची ओळख. प्रेशर गेज पहिल्यांदा दिसतं ते सव्वा मिनिटाने. स्टुडिओत टिकून राहण्याचा आलेख उघडून पाहिलात तर मी पैजेवर सांगते, पहिल्या मिनिटात कडा कोसळल्यासारखी रेघ असेल, आणि नोझलच्या भांड्यांपाशी पुन्हा थोडा उंचवटा असेल, कारण तिथे लोक मागे नेऊन परत बघतात. पुढच्या वेळी पहिलं दृश्य थरथरणारा काटा, त्यावर तुमचा आवाज: "तुमचा काटा असा हलतोय का? मग पंप खोलू नका." गणपती शेवटी ठेवा, बाप्पा रागावणार नाही.

---

ब्लोअरवाला_ओझर | गुरुवार, दुपारी १:४०

आलेख पाहिला. पैज तुम्ही जिंकली ताई. उंचवटा नोझलच्या भांड्यांपाशीच आहे, आणि एक बारका उंचवटा मी डिस्क उलटी-सुलटी कशी बसवायची ते दाखवतो तिथे आहे.

एक विचारायचं होतं. भाचा म्हणतो शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज झाले की ४,००० तासांची गरजच नाही. खरं का? आणि १४ हजार जर एका शॉर्टला आले तर १ कोटी काय लांब आहे?

---

कट_टू_कट | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

खरं आहे, पण पूर्ण वाक्य असं आहे: १,००० सबस्क्राइबर, आणि त्यासोबत एकतर गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास, नाहीतर गेल्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी वैध व्ह्यूज. ९० दिवस या शब्दावर बोट ठेवा. १ कोटी भागिले ९० म्हणजे रोज १ लाख ११ हजार, आणि तेही थांबून पाहिलेले. तुमच्या शॉर्टसारखे रोज २१-२२ शॉर्ट लागतील. भाच्याला म्हणावं, कॉलेज सोड आणि बस.

उलट बाजू बघा. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. सरासरी ३ मिनिटं ५० सेकंद धरली तर ६२-६३ हजार व्ह्यूज, एका वर्षात. सोपं नाही, पण सर्चवर चालणारे पंधरा-वीस व्हिडिओ असतील आणि सीझनमध्ये लोक शोधत असतील तर आवाक्यातलं आहे. त्या आधीची एक पायरीही आहे, ५०० सबस्क्राइबर आणि ३,००० तासांची. ९० दिवसांत तीन व्हिडिओ टाकलेले लागतात. तिथे जाहिरातीचा वाटा मिळत नाही, मेंबरशिप आणि सुपर थँक्ससारख्या गोष्टी मिळतात.

पैशाचं म्हणाल तर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचा ५५ टक्के वाटा तुमचा. शॉर्ट्समध्ये जाहिरातीचे पैसे आधी एका सामायिक गल्ल्यात जातात, त्यातून तुमच्या व्ह्यूजच्या प्रमाणात तुमचा हिस्सा निघतो आणि त्याचे ४५ टक्के मिळतात. पण मी तुमच्या जागी असते तर जाहिरातीच्या पैशाचा विचारच केला नसता. दिंडोरी-वणीकडून तीन पंप आले, त्याची मजुरी किती झाली ते मोजा.

---

मिसळवाला_मखमलाबाद | गुरुवार, रात्री ११:२०

ताई, मग शॉर्ट्स बंदच करायचे का त्यांनी? माझं मन मानत नाही. तो डिस्कचा शॉर्ट मी शोधून पाहिला. मला ब्लोअरमधलं ओ की ठो कळत नाही, तरी दोनदा पाहिला. जुन्या डिस्कमधून धार पडते आणि नव्यातून धुकं. डोळ्यांना पटतं.

---

कट_टू_कट | शुक्रवार, सकाळी ७:४५

बंद नाही, गौण. मिसळवाल्या दादांनी नेमकं सांगितलं: धार आणि धुकं. डोळ्यांना एका नजरेत पटेल अशी गोष्ट मोठ्या व्हिडिओत आली तर ती वेगळी उभी शूट करा. थरथरणारा काटा ही एक, दुधासारखं ऑइल ही दुसरी. आडव्या व्हिडिओतून कापून उभा करू नका, दोन्ही बाजूंचे हात जातात आणि मधे नुसता पंप उरतो. मोठा व्हिडिओ शूट करतानाच मोबाईल उभा धरून तेवढं दृश्य पुन्हा घ्यायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि शॉर्टला मोठा व्हिडिओ जोडायचा. शॉर्टच्या वर्णनात किंवा कॉमेंटमध्ये लिंक टाकून उपयोग नाही, २०२३ पासून तिथल्या लिंक दाबल्या जातच नाहीत. स्टुडिओत शॉर्ट उघडला की Related video असा पर्याय आहे, तिथे मोठा निवडा. मग शॉर्टवर चॅनेलच्या नावाजवळ तो दिसतो. तुमच्या आत्ताच्या शॉर्टला तो जोडलेला नाही, आजच जोडा. त्यातून किती जण आले ते मोठ्या व्हिडिओच्या स्रोतांत दिसेल. फार येतील अशी आशा धरू नका. पण येतील ते ब्लोअरवालेच असतील.

शॉर्ट ३ मिनिटांपर्यंत चालतो म्हणून ३ मिनिटांचा करू नका. आणि भाच्याला सांगा, सिनेमाचं गाणं लावायचंच नाही. १ मिनिटाहून लांब शॉर्टवर कॉपीराइटचा दावा लागला की तो सगळीकडे बंद होतो. ब्लोअरचा खरा आवाजच ठेवा.

---

निफाडचा_बागायतदार | शुक्रवार, सकाळी ९:३०

क्लॅम्पच निघाला. काटा ठरला.

ताई, एका गोष्टीत मी तुमच्याशी सहमत नाही. सर्च करून बघणारे आम्ही चाळिशीच्या पुढचे. माझा पोरगा काहीच सर्च करत नाही, नुसता खालून वर सरकवत बसतो. दोन वर्षांनी बाग त्याच्या हातात येणार आहे. मग हे मोठे व्हिडिओ बघणार कोण?

---

कट_टू_कट | शुक्रवार, दुपारी १२:०५

दादा, याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. माझा अंदाज एवढाच की ब्लोअर बंद पडल्यावर तोही काहीतरी टाइप करेल किंवा बोलून विचारेल. पण हा अंदाज आहे.

---

सिडकोचा_बंड्या | शुक्रवार, दुपारी १२:४०

तो टाइप करणार नाही, ब्लोअरवाल्यांना व्हिडिओ कॉल करणार.

---

ब्लोअरवाला_ओझर | शुक्रवार, रात्री ९:५५

ते तर आत्ताच करतात, रात्री अकराला 🙏

ठरवलं ते लिहितो. मोठे व्हिडिओ मुख्य. एका व्हिडिओत एकच तक्रार, लांबी होईल ती होईल. गोडी छाटणीच्या आधी चार करायचे: प्रेशर (सुरुवात बदलून नव्याने), दुधाळ ऑइल, नोझल मोजणी, आणि हंगाम संपल्यावर ब्लोअर धुऊन ठेवायचा कसा. शेवटचा आत्ता कोणी बघणार नाही हे माहीत आहे, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये शोधतील. प्रत्येकासोबत एक उभा, भाच्याच्या ताब्यात. त्याचंही समाधान.

आता नवीन अडचण. ट्रॅक्टरचा पीटीओ लावून ब्लोअर चालू केला की माझं बोलणं ऐकूच येत नाही. कॉलरचा माईक घेतला तरी पंख्याची घरघर वर येते. काय करतात?

---

कट_टू_कट | शुक्रवार, रात्री १०:२०

मशीन चालू असताना बोलूच नका. चालू मशीन आधी शूट करा, ट्रॅक्टर बंद करा, मग तिथेच उभं राहून तेच दाखवत बोला. एडिटिंगमध्ये तुमचा आवाज चालू मशीनच्या दृश्यावर टाकायचा आणि मशीनचा आवाज अगदी बारीक ठेवायचा. काटा थरथरतो तिथे मात्र पाच सेकंद मशीनचा मूळ आवाज पूर्ण ठेवा. हवा ओढणाऱ्या पंपाचा आवाज वेगळा येतो ना?

---

ब्लोअरवाला_ओझर | शुक्रवार, रात्री १०:३१

येतो तर. खडखड करतो, मोकळा. त्यावरून मी गेटपासून ओळखतो कुठला पंप हवा खातोय.

---

ओझर_टाउनशिप_काका | शुक्रवार, रात्री १०:४८

तो आवाज अवश्य ठेवा. आणि आडवा.